मधेच जॉब बदलला तर पीएफ आणि टीडीएसचं काय करायचं?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये कंपनी बदलली. जुना पीएफ आणि टॅक्सची कपात नवीन कंपनीत नीट कशी आणू?

भाऊ, माझे यात जवळपास ३२ हजार गेले म्हणून लिहितो.

२०२३-२४ ची गोष्ट. हिंगणघाटकडच्या एका मिलमध्ये मेंटेनन्सला होतो, पगार ५५ हजार. ऑक्टोबरपासून बुटीबोरीला ७५ हजारांवर लागलो. जुन्यांनी वर्षाचे ६ लाख ६० हजार धरले, टॅक्स शून्य. नव्यांनी फक्त आपले सहा महिने, म्हणजे साडेचार लाख धरले, तिथंही शून्य. मी खुश, की वा, काहीच कापत नाहीत. जुलैत रिटर्न भरायला बसलो तर दोन्ही मिळून ७ लाख ८० हजार, स्टँडर्ड डिडक्शन एकदाच ५० हजार, राहिले ७ लाख ३० हजार. टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये सूट तेव्हा ७ लाखांपर्यंतच होती, म्हणून सेससकट २९,१२० रुपये टॅक्स आणि वर अडीच हजारांच्या पुढं व्याज. ऐन डवरणीच्या मजुरीत घरून पैसे मागायची वेळ आली.

चूक माझीच. जॉइन होतानाच फॉर्म १२बी भरून आधीचा पगार, पीएफ आणि कापलेला टीडीएस नव्या एचआरला द्यायचा असतो. जुना फॉर्म १६ जूनशिवाय येत नाही, त्याची वाट पाहू नका, पगाराच्या स्लिपा चालतात. कंपनी स्वतःहून विचारेलच असं नाही.

आता पीएफ. आमचे भाऊजी म्हणे, "कायले ठेवतं तिथं, काढून टाक ना बाप्पा, बोअर मारू." तीन वर्षांचे १ लाख ८० हजार होते. दुसरीकडं नोकरी चालू असताना बेकार आहो असं लिहून पैसे काढायचे, हे मुळातच खोटं. शिवाय पाच वर्षांच्या आत काढले की टॅक्स लागतो, ५० हजार किंवा त्यावर असेल तर १० टक्के आधीच कापतात. ट्रान्सफर केले तर जुनी तीन वर्षं मोजणीत धरली जातात. मी नाही काढले. भाऊजी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

करायचं एवढंच की नव्या कंपनीला जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, द्या, नवीन काढू देऊ नका. मग पीएफच्या मेंबर पोर्टलवर Online Services मधून ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाका. त्याआधी Service History मध्ये जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख आहे का पाहा. माझी नव्हतीच. शेवटच्या कॉन्ट्रिब्युशननंतर दोन महिन्यांनी Mark Exit मधून स्वतः टाकता येते, पण नव्या जॉइनिंगच्या नंतरची तारीख पडली की दोन नोकऱ्या एकावर एक दिसतात आणि काम अडकू शकतं.

हो, आता नवीन रिजीममध्ये सूट १२ लाखांपर्यंत गेली आहे, त्यामुळं तुमचे दोन्ही पगार मिळून त्याच्या आत असतील तर माझ्यासारखं होणार नाही. एप्रिल २०२६ पासून कायदाही नवा आहे, १२बीच्या जागी आता कोणता फॉर्म ते एचआरलाच विचारा.

आणि ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात जुन्या पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका, तिथं पैसे नाही, नोकरीची वर्षं पुढं जातात. भाऊजींनी तेच शून्य दाखवून "पाय, बुडाले ना" म्हटलं होतं. त्यांना अजून पटलं नाही.