हुंड्याला नकार, पण सोयरीक टिकवून

प्रश्न: मुलाकडचे काका पाच तोळे सोनं आणि कार्यालयाचा सगळा खर्च मागताहेत. मुलगा माझ्या बाजूने आहे. लग्न न मोडता नाही कसं म्हणू?

उत्तर: नकार त्याच्याच तोंडून जाऊ द्या, तोही याद्यांच्या बैठकीआधी. चारचौघांत तुमचे वडील नाही म्हणाले की काकांच्या मानाचा प्रश्न होतो आणि मग कुणीच मागे हटत नाही. त्याने घरी आई-वडिलांना सांगावं, "सोनं मी घेणार नाही. कार्यालय, जेवण निम्मं-निम्मं." बैठकीत हे त्याच्या वडिलांनीच जाहीर करावं आणि यादीत लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात. काकांना टोपी-उपरण्याचा मान मात्र आवर्जून द्या, खरंच फरक पडतो.

"मुलीला हौसेनं घाला" म्हणत तोळे सांगितले, तर ती मागणीच. 1961 च्या कायद्यानुसार हुंडा देणाराही गुन्हेगार ठरतो. "तुझ्या हट्टापायी सासरे अडकतील," हे त्याने काकांना शांतपणे सांगावं. न मागता आलेल्या भेटींचीही यादी करून दोघांनी सही करा.

तोच "एवढं देऊन टाका ना" म्हणू लागला, तर साखरपुडा थांबवा.