१८० ची शेवभाजी, हातात किती?

भाऊ, जळगावात शेवभाजीचं क्लाउड किचन टाकतोयस तर आधी एका प्लेटचा हिशोब मांड. शेवभाजी आणि दोन भाकरी, मेनूवर १८०, त्यात ३० चं डिस्काउंट तुझ्याच खिशातून म्हणजे उरले १५०. डिलिव्हरी ॲपचं कमिशन २२ टक्के धर, ३३ झाले, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून ६, राहिले १११. कमिशन डिस्काउंटच्या आधीच्या रकमेवर लागतं का नंतरच्या हे करारात नीट वाच, तिथेच लोक फसतात.

आता पॅकिंग. शेव रस्स्यात टाकून पाठवली की पोचेपर्यंत लगदा होतो, म्हणून शेव वेगळ्या पाऊचमध्येच दे. रस्स्याचा सीलवाला डबा ८, पाऊच २, भाकरीची फॉइल २, पिशवी ३, झाले १५. वर तर्री असते ना, झाकण ढिलं असलं तर तेल पहिलं बाहेर येतं, डबा घ्यायच्या आधी गरम रस्सा भरून उलटा करून बघ.

माल ५५, गॅस-लाइट-पोऱ्याचा पगार मिळून २५ धरला तर हातात १६. म्हणजे एक रिफंड गेला की नऊ-दहा प्लेटांची कमाई साफ, मी पहिल्या महिन्यात हेच भोगलं. डिस्काउंट ३० वरून १५ वर आण, कमिशन जाऊन प्लेटमागे साधारण ११ वाढतात.