भातातील आर्सेनिक: धुणे, वेळणे आणि धान्य बदलणे

प्रश्न: तांदूळ तीन-चार पाण्यांतून धुतला, तर आर्सेनिक निघून जाते का?

फारसे नाही. पाणी साचलेल्या भातखाचरात मातीतला प्राणवायू संपतो, लोहाच्या संयुगांना चिकटून असलेले आर्सेनिक सुटे होते आणि सिलिकॉन ज्या वाटेने मुळांत शिरते त्याच वाटेने तेही रोपात शिरते. त्यामुळे ते दाण्याच्या आत असते. धुण्याने धूळ आणि वरचा भुगा जातो, तेवढ्यासाठी अवश्य धुवावे.

प्रश्न: भरपूर पाण्यात शिजवून भात वेळला, तर किती फरक पडतो?

येथे खरा फरक पडतो. तांदळाच्या सहा ते दहा पट पाण्यात शिजवून उरलेले पाणी ओतून दिल्यास असेंद्रिय, म्हणजे अधिक घातक, आर्सेनिक साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले आहे. दोनशे ग्रॅम तांदळात असे 20 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल, तर वेळलेल्या भातात सुमारे 10 उरते. कुकरमध्ये मोजून घातलेले पाणी मात्र सगळे दाण्यात जिरते, आणि आर्सेनिकही तिथेच राहते, कारण ते वाफेबरोबर उडून जात नाही. पेज प्यायली, तर निघालेले आर्सेनिक पोटात परत जाते.

वेळण्याने लोह आणि ब जीवनसत्त्वेही काही प्रमाणात वाहून जातात. म्हणून मला मधली पद्धत अधिक पटते: चौपट पाण्याला आधण आले की तांदूळ वैरावा, पाच मिनिटे उकळून ते पाणी टाकून द्यावे, आणि मग नवे पाणी बेताने घालून मंद आचेवर भात मुरू द्यावा.

प्रश्न: आमच्या बोअरवेलच्या पाण्यात आर्सेनिक आढळले आहे. त्याच पाण्यात भात वेळला, तर चालेल का?

नाही, आणि हे विसरू नका. पाण्यात लिटरमागे 50 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल आणि दोनशे ग्रॅम तांदळाने त्यातले 400 मिलिलिटर शोषले, तर 20 मायक्रोग्रॅमची भरच पडते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली आहे; स्वयंपाकाचे पाणीही त्याच कसोटीवर तपासावे. पाणी नुसते उकळल्याने आर्सेनिक जात नाही, उलट ते आटून अधिक तीव्र होते.

प्रश्न: आम्ही ब्राऊन राइस खातो आणि घरात लहान मूल आहे. भात बंद करावा का?

बंद करण्याची गरज नाही; मात्र तो रोजचे एकमेव धान्य नसावा. असेंद्रिय आर्सेनिक कोंड्याच्या थरात अधिक साठते, म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतील मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, तर कोंडा असलेल्यासाठी 0.35 मिलिग्रॅम आहे. मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त खाते, त्यामुळे आठवड्यातील काही जेवणांत गहू, मका, ओट किंवा ज्वारी आणल्यास त्याला सर्वाधिक लाभ होतो. कोरड्या जमिनीत वाढणाऱ्या या पिकांत आर्सेनिक सहसा बरेच कमी असते. तांदळाचे दूध, बिस्किटे आणि तांदळाच्या पिठाची खीर हेही भातातच मोजावे. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना तांदळाचे दूध देऊ नये, असाच सल्ला दिला जातो.