अन्वय, व्यतिरेक आणि ओस्वेगोचं व्हॅनिला आइस्क्रीम

प्रश्न: «तर्कशास्त्राच्या पेपरला अन्वय आणि व्यतिरेक पद्धती आहेत. दोन्हींना पुस्तकात अन्नविषबाधेचंच उदाहरण दिलंय. पण खरोखरच्या जेवणात असं कधी होतं का, की आजारी पडलेल्या सगळ्यांनी एकच पदार्थ खाल्ला आणि बाकी कुणीच खाल्ला नाही? ज्यांनी तो खाल्ला नाही तेही आजारी पडले तर पद्धत चुकली असं म्हणायचं का?»

पद्धत चुकली असं म्हणायचं नाही. मात्र जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८४३ साली ती ज्या कडक रूपात मांडली, त्या रूपात ती जेवणावळीला लागू पडत नाही. साथीच्या चौकशीत तिचं काय होतं, हे एका जुन्या प्रकरणावरून चांगलं कळतं. साथरोगशास्त्राच्या वर्गांत आजही हे आकडे विद्यार्थ्यांकडून मांडून घेतात.

१८ एप्रिल १९४० ची संध्याकाळ. न्यूयॉर्क राज्याच्या ओस्वेगो परगण्यातल्या लायकमिंग गावात चर्चच्या तळघरात जेवण होतं. टेबलावर पदार्थ मांडलेले, आणि लोक सहा वाजल्यापासून रात्री उशिरापर्यंत येऊन जेवून जात होते. त्या रात्रीच अनेकांना मळमळ, उलट्या, जुलाब आणि पोटदुखी सुरू झाली. जेवायला आलेल्या ८० पैकी ७५ जणांची चौकशी करता आली. त्यातले ४६ आजारी पडले होते. कुणी दगावलं नाही, साधारण दिवसभरात सगळे बरे झाले.

आता नवखा माणूस काय करतो? आजाऱ्यांना गाठतो आणि 'काय काय खाल्लं?' असं विचारतो. हा शुद्ध अन्वय झाला: जे सगळ्यांत समान ते कारण. ४६ पैकी २९ आजाऱ्यांनी भाजलेलं हॅम खाल्लं होतं. मांस, त्यातून निम्म्याहून जास्त आजाऱ्यांनी खाल्लेलं, म्हणजे संशय तिथेच जाणार. पण जे धडधाकट राहिले त्यांना विचारल्याशिवाय या २९ ला काही अर्थ नाही. हॅम खाणारे एकूण ४६ होते (आजाऱ्यांची संख्याही ४६, हा निव्वळ योगायोग), म्हणजे खाणाऱ्यांपैकी ६३ टक्के आजारी पडले. न खाणारे २९, त्यातले १७ आजारी, म्हणजे ५९ टक्के. हॅम खाल्ल्याने म्हणण्यासारखा फरक पडलेला नाही. हॅम लोकप्रिय होतं, एवढंच त्या २९ मधून कळतं. आपल्याकडे पंगतीत भात शंभर टक्के आजाऱ्यांनी खाल्लेला असतो. आणि शंभर टक्के निरोगी लोकांनीही.

मग नुसता व्यतिरेक घ्यावा का? त्यासाठी अशी दोन माणसं हवीत, की ज्यांच्या जेवणात फक्त एका पदार्थाचा फरक आहे आणि त्यातला एकच आजारी पडला आहे. त्या रात्री चौकशीच्या यादीत पाणी, दूध, कॉफी धरून १४ गोष्टी होत्या. तशी जोडी सापडली तरी दोघांची तब्येत आणि घेतलेला वाटा सारखा असणार नाही.

म्हणून व्यवहारात दोन्ही एकत्र करून गटांवर लावतात. प्रत्येक पदार्थासाठी दोन गट पाडायचे, खाणारे आणि न खाणारे, आणि प्रत्येक गटात शेकडा किती आजारी पडले ते काढायचं. याला आक्रमण दर म्हणतात. नुसता एक दर बघायचा नाही, दोन दरांमधली दरी बघायची. पालकाच्या भाजीला ६० आणि ६३ टक्के, कॉफीला ६१ आणि ६१, असं खाली खाली येत तुम्ही व्हॅनिला आइस्क्रीमवर पोहोचता. खाणारे ५४, आजारी ४३: ८० टक्के. न खाणारे २१, आजारी ३: १४ टक्के. खाणाऱ्यांचा धोका न खाणाऱ्यांच्या साडेपाच पटींहून जास्त. यादीतल्या दुसऱ्या कशालाही याच्या जवळपास जाता येत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न इथेच येतो. व्हॅनिला न खाता आजारी पडलेले ते तिघे कोण? आणि खाऊनही ठणठणीत राहिलेले ११ जण? मिलच्या नियमाप्रमाणे यातला एक जरी खरा ठरला तरी व्हॅनिला सुटायला हवं. पण माणसं विसरतात. वाढायचा डाव एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातो. कुणाचं पोट वेगळ्याच कारणाने बिघडलेलं असतं. ११ जणांपैकी कुणी चमचाभरच खाल्लं असेल, आणि विष सगळ्या डब्यात सारखं पसरलेलं असतं असंही नाही. म्हणून अपवाद दिसले की घाबरायचं नाही, मोजायचे. २१ पैकी ३ चालतात. २१ पैकी १२ असते तर मीही व्हॅनिला सोडून दिलं असतं.

मला यात सगळ्यात मजेशीर वाटतं ते चॉकलेट आइस्क्रीम. खाणाऱ्या ४७ पैकी २५ आजारी, ५३ टक्के. न खाणाऱ्या २७ पैकी २०, म्हणजे ७४ टक्के (एकाची माहिती नाही). चॉकलेटने लोकांना वाचवलं की काय? तसं मानण्याआधी एक शंका घ्यायची: ज्यांनी चॉकलेट घेतलं, त्यातल्या काहींनी त्यामुळेच व्हॅनिला घेतलं नसेल. तपासायचं कसं, तर व्हॅनिला खाणारे वेगळे काढा, न खाणारे वेगळे काढा, आणि प्रत्येक गटाच्या आत चॉकलेटची तुलना करा. तिथे दरी मिटली तर चॉकलेटचा गुण उसना होता. निर्दोष पदार्थ दोषी दिसतो तेव्हाही हीच चाळणी लावतात. उदाहरणार्थ, आइस्क्रीमसोबत केक खाणारे पुष्कळ असतील तर केकही बदनाम होतो.

एवढं झालं तरी आकडे पदार्थापर्यंतच नेतात. पदार्थात काय होतं, हे वेळ आणि प्रयोगशाळा सांगते. ज्यांची जेवणाची वेळ ठाऊक होती, त्यांना जेवल्यावर ३ ते ७ तासांत त्रास सुरू झाला होता, बहुतेकांना चारेक तासांत. साल्मोनेला या जंतूला सहसा याहून बराच जास्त वेळ लागतो. इतक्या लवकर उलट्या होतात, तेव्हा पदार्थात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो, आणि त्यात पहिलं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं. हा जंतू माणसाच्या नाकात आणि हातांवर असतो. दूध-अंड्याच्या मिश्रणात तो झपाट्याने वाढतो, आणि त्याचं विष उकळूनही सहजी जात नाही, गोठवून तर नाहीच. आइस्क्रीमचं मिश्रण आदल्या दुपारी शिजवून रात्रभर चर्चच्या तळघरात ठेवलेलं होतं. व्हॅनिलात हा जंतू भरपूर सापडला, चॉकलेटमध्ये थोडा. मिश्रण करणाऱ्या दोघी बहिणींपैकी एकीच्या नाका-घशातही तो निघाला.

तरीही तो तिच्याकडूनच आइस्क्रीममध्ये गेला असं तपास अहवालाने ठामपणे म्हटलं नाही. व्हॅनिला आइस्क्रीम दोषी इतकं पक्कं, ते दूषित कसं झालं हा तर्काचा भाग, अशी स्पष्ट विभागणी त्यात आहे. दोन्ही मिश्रणं रात्रभर तिथेच होती, मग एकातच जंतू का माजला, हे या आकड्यांतून कळत नाही.

परीक्षेत 'पद्धतीच्या मर्यादा' विचारल्या तर आपल्या पंगतीचं उदाहरण द्या. ताटात सगळ्यांना सगळंच वाढलं जातं, त्यामुळे 'न खाणारे' हा गट जवळजवळ उरतच नाही, आणि व्यतिरेकाला जागा राहत नाही. अशा वेळी 'खाल्लं का' ऐवजी 'किती खाल्लं' आणि 'कितव्या पंगतीला बसलात' हे विचारतात. ज्याने श्रीखंडाच्या दोन वाट्या खाल्ल्या तो एक वाटीवाल्यापेक्षा जास्त आजारी आहे का? पहिली पंगत ठीक आणि तिसरी आजारी आहे का? उपवासामुळे वेगळं खाल्लेल्या पाहुण्यांना मुद्दाम शोधून काढतात, कारण न खाणारे म्हणून तुलनेला तेवढेच हाताशी असतात.