आकाश निळं, मावळतीचा सूर्य तांबडा: नातीबरोबर केलेला हिशोब

प्रश्न: मुलगा दुसरीत आहे. आकाश निळं का आणि संध्याकाळी सूर्य लाल का, असं रोज विचारतो. समुद्राचं प्रतिबिंब पडतं असं सांगून वेळ मारून नेली, पण त्याला पटलं नाही. सोपं करून कसं सांगू?

मुलाला पटलं नाही ते बरंच झालं. मी बरीच वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, पण खरी परीक्षा निवृत्तीनंतर झाली. मे महिन्यात नात रत्नागिरीला आली आणि तिने हेच विचारलं. तेव्हा आमचं जे बोलणं झालं तेच लिहिते.

"आजी, आकाश समुद्रामुळे निळं दिसतं ना?"

"तुझी मावशी सोलापूरला राहते. तिथे कुठला गं समुद्र?"

"पण तिथेही निळंच असतं."

"मग?"

तिथेच तो विषय मिटला. (सी. व्ही. रामन यांनी 1921 साली बोटीने जाताना भूमध्य समुद्र पाहिला. पाण्यावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश त्यांनी एका स्फटिकाने अडवला, तरी समुद्र निळाच राहिला. म्हणजे समुद्र नुसता आकाशाचा रंग उसना घेत नाही, त्यालाही स्वतःचा निळेपणा आहे.)

मग लोणच्याची रिकामी काचेची बरणी पाण्याने भरली, दोन वाट्यांवर टेकवून ठेवली आणि खालून वर प्रकाश जाईल अशी बॅटरी लावली. खिडक्या बंद केल्या. पाण्यात दोन चमचे म्हशीचं दूध घातलं. आणि माझी फजिती झाली.

"आजी, हे नुसतं पांढरं दिसतंय."

पांढरंच दिसणार! दुधातले चरबीचे गोळे प्रकाशाच्या तरंगांपेक्षा बरेच मोठे असतात. एवढे मोठे कण सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. त्यात मी दूधही भरमसाट ओतलं होतं, त्यामुळे प्रकाश आतल्या आत इतका आपटत राहिला की कुठला रंग कुठून आला ते कळायला वावच उरला नाही.

"हे आकाश नाही झालं. हा ढग झाला," मी म्हटलं. "ढगात पाण्याचे मोठे थेंब असतात, म्हणून तो पांढरा दिसतो."

दुसऱ्या खेपेला साय काढलेल्या दुधाची पावडर घेतली, तीही चिमूटभर, आधी वाटीत विरघळवून. मग थेंब थेंब टाकत गेलो. पाण्यातून जाणारा उजेडाचा झोत जेमतेम दिसायला लागला की थांबायचं. बॅटरी पांढऱ्या एलईडीची घ्या. जुन्या बल्बच्या बॅटरीचा उजेड मुळातच पिवळा असतो, त्यात निळं फारसं नसतंच.

"बाजूने बघ."

"निळसर दिसतंय! धुरासारखं."

"आता बरणीच्या तोंडावर पांढरा कागद धर."

कागदावरचा ठिपका पिवळट होता. आणखी चार-पाच थेंब टाकल्यावर तो नारिंगीकडे झुकला. ती बराच वेळ एकदा बाजूने, एकदा वरून बघत राहिली.

"एकाच बॅटरीचा उजेड दोन रंगांचा कसा?"

"बॅटरीच्या उजेडात सगळे रंग आहेत. पाण्यातले बारीक कण निळ्याला चटकन बाजूला उडवतात, लाल मात्र सरळ निघून जातो. बाजूला उडालेला निळा तुला बाजूने दिसला आणि उरलेला कागदावर पडला."

"आकाशात दूध कुठंय?"

"तिथे हवाच ते काम करते. हवेचे रेणू या कणांपेक्षाही फार लहान. सूर्याचा उजेड हवेत शिरला की त्यातला निळा जास्त उधळला जातो. तू सूर्य सोडून कुठेही बघ, तिकडून तो उधळलेला निळाच डोळ्यात येतो. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे भर दिवसासुद्धा आकाश काळं."

मोठ्यांसाठी इथे थोडं गणित. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 450 नॅनोमीटर, लालची 650. उधळणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून निळा लालपेक्षा चौपटीहून थोडा जास्त उधळतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये हे मांडलं. जांभळ्याची तरंगलांबी त्याहून कमी, मग आकाश जांभळं का नाही, असं नातीने विचारलंच. सूर्याच्या उजेडात जांभळा निळ्यापेक्षा कमी असतो आणि आपल्या डोळ्यांना तो फार मंद दिसतो.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सूर्य टेकायला आला होता. तिने स्वतःच विचारलं, "आता हवा तीच, सूर्य तोच, मग लाल का?"

"दुपारी उजेड वरून सरळ खाली येतो. खालच्या 10 किलोमीटरमध्येच सुमारे तीन चतुर्थांश हवा भरलेली आहे. आता तो आडवा येतोय. त्याच 10 किलोमीटर जाडीच्या थरातून त्याला जवळजवळ 350 किलोमीटर चालावं लागतं."

"म्हणजे पस्तीस पट हवा."

हिशोब घरी येऊन कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर केला. डोक्यावरच्या हवेतून येताना प्रकाशाच्या 100 निळ्या कणांतले सुमारे 20 उधळले जातात, 100 लाल कणांतले फक्त 5. ही झाली एक थप्पी हवा. दुसऱ्या थप्पीत उरलेल्या 80 चा पाचवा भाग जातो, राहतात 64. तिसरीनंतर 51. ती बोटं मोजत गेली. दहा थप्प्यांनंतर निळे 11 उरले आणि लाल 60. पस्तिसाव्या थप्पीला निळे 10,000 मागे 4 राहिले, तर लाल 100 मागे 17.

"निळे संपलेच की!"

म्हणून मावळता सूर्य लाल. शुद्ध हवेचा हा हिशोब. धूळ, धूर, समुद्रावरचे मिठाचे कण असतील तर लालही अडतो आणि सूर्य क्षितिजाला पोचायच्या आधीच मळकट होऊन विरतो. शहरात हे नेहमी दिसतं. पावसाने हवा धुऊन निघाली की दुपारचं आकाशही गडद निळं होतं, मे महिन्यात ते पांढुरकं असतं, कारण हवेत मोठे कण असतात. ती आमची म्हशीच्या दुधाची बरणी.

झोपताना तिने शेवटचं विचारलं, "आजी, आपल्याकडे येताना जो निळा वाटेत उडाला तो कुठे गेला?"

"वाटेत समुद्रावर मासेमारीच्या लाँची असतील. त्यांच्या डोक्यावरचं आकाश."

"म्हणजे आपल्या लाल सूर्यातला निळा त्यांनी घेतला."

"हो. आणि सूर्य टेकायच्या थोडं आधी आपल्याला जो मिळाला, तो कुणाच्या तरी सूर्यातून गळलेला होता."

"कुणाच्या?"

"पुढे पूर्वेला बघ. तिथे तेव्हा सूर्य मावळत होता."