सूत्राने चार रेषा, टाकीत मात्र आठ

प्रश्न: रिपल टँकमध्ये दोन डिपर ६ सेंमी अंतरावर लावले. पाणी ५ मिमी, कंपन १५ हर्ट्झ. पडद्यावर तरंगलांबी २.५ सेंमी मोजली. सूत्राने चार निस्पंद रेषा येतात, पण मला आठ दिसतात. कुठे चुकलं?

मोजणी बरोबर आहे तुमची, आठच हव्यात. गडबड त्या २.५ मध्ये आहे. ती पाण्यातल्या लाटेची लांबी नव्हे, लाटेच्या सावलीची आहे. दिव्याचे किरण पसरत खाली येतात, म्हणून पडद्यावर सगळं मोठं दिसतं. डिपरमधलं अंतर मात्र तुम्ही टाकीतच पट्टी लावून घेतलेलं दिसतंय. एक माप पाण्यातलं आणि दुसरं पडद्यावरचं घेऊन भागाकार केला की तो फसणारच.

मला संशय वेगावरून आला. २.५ ला १५ ने गुणलं की सेकंदाला ३७.५ सेंमी होतात. एवढ्या उथळ पाण्यात १५ हर्ट्झची लाट इतकी पळत नाही, ती २२-२३ सेंमीच्या आसपास असते. म्हणजे खरी तरंगलांबी साधारण १.५ सेंमी. आता पडद्यावरच दोन्ही डिपरच्या सावल्यांमधलं अंतर मोजा, १० सेंमीच्या जवळपास भरेल. १० भागिले २.५ म्हणजे ४, आणि पाण्यातले ६ भागिले १.५ म्हणजेही ४. दोन्ही मापं एकाच जागेवरची घेतलीत तर सावली किती पट मोठी आहे ते काढायचीही गरज नाही.

आता ४ वरून ८ कसे, ते सूत्र बाजूला ठेवून पाहू. दोन डिपरना जोडणाऱ्या सरळ रेषेवर मधोमध बोट ठेवल्याची कल्पना करा. तिथे दोन्ही लाटा सारखंच अंतर कापून येतात, म्हणून पाणी जोरात हलतं. बोट एका डिपरकडे थोडं सरकवलं की एक अंतर जितकं घटतं तितकंच दुसरं वाढतं, म्हणजे पथफरक सरकण्याच्या दुप्पट होतो. पाणी स्थिर राहायला पथफरक अर्धी तरंगलांबी हवा, म्हणजे तुमच्या टाकीत ०.७५ सेंमी. त्यासाठी बोट ०.३७५ सेंमी सरकवलं की झालं. हा पहिला निस्पंद. पुढचे दर ०.७५ सेंमीवर: १.१२५, १.८७५ आणि २.६२५. ३ सेंमीवर डिपरच आला, पुढे जागा नाही. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. यातल्या प्रत्येक बिंदूतून एक निस्पंद रेषा निघते आणि वाकत बाहेर जाते.

सूत्र म्हणून हवं असेल तर एका बाजूच्या रेषा म्हणजे d/λ + ½ मधला पूर्णांक, आणि त्याची दुप्पट एकूण. तुमच्याकडे ४.५, म्हणजे ४. चुकीच्या मापाने २.९ आले, त्यातले २ धरले, म्हणून एकूण चार.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका कॉलेजात हा प्रयोग बरीच वर्षं घेतला. पोरं हमखास विचारायची, "सर, मधली रेघ धरायची का?" नाही धरायची. मधला पट्टा सगळ्यात जास्त हलणारा असतो. दोन्ही डिपर एकाच दांडीवर असतील तर एकूण संख्या समच येते. विषम आली तर कडेची एखादी रेषा सुटली असं समजा. सगळ्यात बाहेरची रेषाच बहुतेक वेळा सुटते, कारण काठावरून परतलेल्या लाटा तिच्यावर चढतात. काठाला स्पंजची उतरती पट्टी लावली की ती दिसू लागते. आमच्याकडे आणखी एक भानगड होती. शेजारच्या घरात यंत्रमाग चालू असले की फरशीच्या थरथरीने अख्ख्या पाण्यावर बारीक शहारा उठायचा आणि कडेच्या रेषा त्यात विरून जायच्या. मोजणी आम्ही माग बंद असण्याच्या वेळेला ठेवायचो.

आणि हो, रेषा मोजताना स्ट्रोबोस्कोप बंद ठेवा. निस्पंद रेषा जागच्या हलत नाहीत, त्या तशाच दिसतात. स्ट्रोबोस्कोप फक्त तरंगलांबी मोजायला लागतो. तेव्हाही एक लाट धरून मोजू नका, दहा लाटांचं अंतर घेऊन दहाने भागा.

पडताळा घ्यायचा तर कंपन तेच ठेवून एक डिपर हळूहळू लांब सरकवा. ६.७५ सेंमीपर्यंत आठच राहतील. तिथे d/λ साडेचार होतो. त्यापुढे गेलात की दोन्ही डिपरच्या बाहेरच्या अंगाला, त्यांना जोडणाऱ्या रेषेला जवळजवळ चिकटून, नवी जोडी उगवते. ७ सेंमीला ती मधल्या पट्ट्यापासून सुमारे ७५ अंशांवर आलेली दिसेल, आणि तुमची मोजणी दहावर जाईल.