गुणोत्तर समजत नाही, की गुणोत्तरापर्यंत विचार अजून पोचलेला नाही?

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. उदाहरण दाखवलं की पटकन समजतं, नियम सांगितला की गोंधळतो. गुणोत्तर-प्रमाण तर पूर्ण डोक्यावरून जातं. त्याच्यात काही कमी आहे का, की आमची समजावण्याची पद्धत चुकते?

उत्तर: कमी काहीच नाही. मी याच वयाच्या मुलांना गणित शिकवते आणि तुम्ही लिहिलंय ते सतत बघते. मानसशास्त्रज्ञ जीन पियाजेने साधारण सात ते अकरा वर्षांच्या, म्हणजे दिसणाऱ्या-हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधाराने चालणाऱ्या विचाराला मूर्त क्रियात्मक अवस्था म्हटलं आणि त्यापुढच्या, वस्तू समोर नसतानाही चालणाऱ्या विचाराला औपचारिक क्रियात्मक अवस्था. तुमचा मुलगा या दोहोंच्या उंबरठ्यावर आहे आणि गुणोत्तर हा विषय नेमका त्या उंबरठ्यावरच येतो.

त्याला आधी एक कोडं घाला. रॉबर्ट कार्प्लस या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने मुलांचा विचार तपासायला ते वापरलं होतं. एक बुटका आणि एक उंच माणूस आहे. बटणांनी मोजलं तर बुटका ४ बटणं भरतो, उंच ६ बटणं. आता बुटक्याला पेपरक्लिपांनी मोजलं तर तो ६ क्लिपा भरतो. मग उंच माणूस किती क्लिपा भरेल?

बरोबर उत्तर ९ आहे, पण पुष्कळ मुलं ८ सांगतात. कारण विचारा, तेच महत्त्वाचं: "उंच माणूस २ ने जास्त होता, म्हणून इथेही २ ने जास्त." ही बेफिकिरी नाही, हा व्यवस्थित केलेला विचार आहे. २ चा फरक बोट ठेवून मोजता येतो. पण 'दीडपट' ही गोष्ट चित्रात कुठेच दिसत नाही. ती ४ आणि ६ यांच्यातलं नातं आहे आणि तेच नातं ६ आणि ९ मध्येही आहे हे ओळखायचं, म्हणजे दोन नात्यांची एकमेकांशी तुलना करायची. औपचारिक विचाराचा गाभा हाच. वस्तूंचा हिशोब मूर्त विचाराला उत्तम जमतो, नात्यांमधल्या नात्याचा अजून जड जातो.

सराव देताना एक काळजी घ्या. नुसती दुप्पट-तिप्पट असलेली गणितं दिली तर मूल ती सहज सोडवतं आणि आपल्याला वाटतं की समजलं. दीडपट आली की तेच मूल पुन्हा बेरजेवर येतं.

आता ८ हे उत्तर चूक आहे असं सांगून भागत नाही; बेरीज कुठे मोडते ते त्याला डोळ्यांनी दिसायला हवं. चौकटीच्या कागदावर २ घरं रुंद आणि ६ घरं लांब असा आयत काढायला सांगा. मग म्हणा, हाच आकार मोठा कर, रुंदी १० घरं झाली पाहिजे. बेरजेने विचार करणारं मूल दोन्हीकडे ८ वाढवतं आणि १० बाय १४ चा आयत काढतं. दोन्ही शेजारी ठेवा आणि गप्प बसा. पहिला पट्टीसारखा लांबट, दुसरा जवळजवळ चौरस. "हा तोच आकार नाही" हे मूल स्वतः म्हणतं. लांबी ३० हवी हे बहुतेक वेळा थोड्या खटपटीनंतर त्याचं त्यालाच सापडतं, कारण आता लांबी रुंदीच्या तिप्पट हे त्याला दिसतंय.

मग बुटक्याकडे परत या. ४ बटणांना ६ क्लिपा, तर २ बटणांना किती? ३. मग ६ बटणांना? तीन वेळा ३. ही पायरी अजून मूर्तच आहे, तिथे रेंगाळू द्या. सूत्र आणि अक्षरं त्यानंतर.

तिरकस गुणाकार मात्र घाईने शिकवू नका, हे मी आग्रहाने सांगते. त्याने उत्तरं बरोबर येऊ लागतात आणि आतला विचार बेरजेचाच राहिला तरी कळत नाही.

वयाचे आकडेही फार घट्ट धरू नका. १९७२ मध्ये खुद्द पियाजेनेच लिहिलं की औपचारिक विचार काहींमध्ये पंधरा ते वीस वर्षांच्या दरम्यान येतो आणि तोही आधी आपापल्या आवडीच्या क्षेत्रात. मोठी माणसंसुद्धा अगदी अनोळखी विषयात आधी उदाहरणच मागतात. त्यामुळे क्रिकेटच्या सरासरीत तरबेज असलेला मुलगा मिश्रणाच्या गणितात अडला, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

समजलंय का हे ओळखायला मी शेवटी हे गणित देते: दोन मैत्रिणी सारख्याच वेगाने मैदानाला फेऱ्या मारतायत, पण दुसरीने आधी सुरुवात केली. पहिलीच्या ४ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ६ झाल्या होत्या. पहिलीच्या ६ होतील तेव्हा दुसरीच्या किती? आकडे तेच, पण इथे ८ बरोबर आहे. ज्याने फक्त रीत पाठ केली तो ९ सांगतो. ज्याला बुटक्याचं उत्तर ९ आणि इथलं ८ का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, त्याला मी पुढचा धडा देते.